पावसाळी रात्र, निऑन आणि ओला रस्ता: साय-फाय चित्रांसाठी प्रॉम्प्ट

१. स्पेससूटची लॉन्ड्री
भविष्यातलं शहर, रात्रीचे दोन वाजलेत, पाऊस धो धो नाही पण थांबतही नाहीये. अरुंद गल्लीच्या टोकाला चोवीस तास चालणारी लॉन्ड्री, तिथे अंतराळवीरांचे सूट धुतात. काचेआड मोठ्या मशीनच्या गोल दारातून केशरी हेल्मेट फिरताना दिसतंय, सगळ्या चित्रात उबदार रंग फक्त तिथेच, बाकी सगळं निळं-हिरवट. नजर आधी हेल्मेटवरच गेली पाहिजे. बाहेर पायरीवर एक म्हातारा बसलाय, पाठमोरा, अंगात सूटच्या आतला मळका पांढरा थर, आपला सूट धुऊन व्हायची वाट बघतोय (चेहरा नको, चेहरा आला की हेल्मेटकडे कोणी बघत नाही). डांबरी रस्ता ओला, प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब बरोब्बर त्याच्याखाली, उभं लांबट ओघळलेलं आणि मूळ दिव्यापेक्षा जरा गडद, डबक्यात मात्र आरशासारखं स्वच्छ, थेंब पडले तिथे गोल वलयांनी तुटलेलं. गटाराच्या जाळीतून वाफ. जवळच्या भिंती काळ्या आणि ठसठशीत, मागचे टॉवर धुक्यात फिकट होत गेलेले, शेवटचा तर जेमतेम ओळखू येतोय. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, ३५ एमएम लेन्स, फ्रेम २१:९, हेल्मेट उजव्या तिसऱ्या भागात.

२. पाटी दुरुस्त करणारी
तीन मजले उंच निऑन पाटी, शिडीवर एक मेकॅनिक बाई, रेनकोटवरून पाणी निथळतंय, हातात नवीन काचेची नळी. सगळी अक्षरं निळी, तिने नुकतंच जोडलेलं एकच अक्षर लालसर केशरी (खऱ्या निऑन गॅसचा रंग हाच, निळ्यासाठी आर्गॉन आणि पारा लागतो, त्यामुळे हा फरक उगाच वाटणार नाही). त्या अक्षराभोवती धुक्यात मऊ प्रभावळ आणि तिच्या गालावर तोच उजेड. पाऊस फक्त प्रकाशाच्या पट्ट्यात दिसू दे, अंधारात रेघा नकोत. खाली ओल्या गाड्यांच्या टपांवर निळे तुकडे, केशरी ठिपका एकाच टपावर. फ्रेम उभी, २:३, कॅमेरा खालून वर.

३. वरून
उड्डाणपुलांचं जाळं, सगळं गजबजलेलं तरी एकच रस्ता रिकामा, त्यावर बंद पडलेला डिलिव्हरी रोबो, छातीतला हिरवा दिवा चालू. सगळ्या रस्त्यांच्या रेषा त्याच्याकडे वळतात. बाकी ट्रॅफिकचे दिवे धुक्यात विरघळलेले डाग.

तिन्हींमध्ये नको असलेलं: दिवसाचा उजेड, कोरडा रस्ता, सगळीकडे सारखाच जांभळा-गुलाबी रंग (हा तर इतका झालाय की बघवत नाही), वाचता न येणारी वेडीवाकडी अक्षरं, मधोमध उभा हिरो, एकसारखं सपाट धुकं, आकाशात दोन चंद्र.