संधीच्या वहीचा फोटो तपासला

बाळा, फोटो पाहिला. कडेला सावली पडली आहे, पण वाचता आलं. १ (सूर्य + उदय) आणि २ (विद्या + आलय) बरोबर.

३ चूक. ‘इत्यादी’ची फोड तू ‘इत्य + आदी’ केलीस. इति + आदी हवं. इ पुढे आ आला की इ चा य् होतो, म्हणून ‘त्या’ दिसतं.

४ चूक: ‘जगन्नाथ’ म्हणजे जगत् + नाथ. पुढच्या न मुळे त् चा न् झालाय. तू ‘जगन’ लिहिलंस, कानाला तसंच ऐकू येतं म्हणा!

५ ही चूकच. ‘मनोरथ’मध्ये ‘मनो’ नव्हे, मनः + रथ. विसर्गाचा उ, मग अ + उ = ओ. ‘मनोबल’ फोडून पाठव बरं.

खाडाखोड करू नकोस, शेजारी हिरव्या पेनने लिही.