चार पिनांची वायर

माळ्यावरून उतरवलेल्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट उघडला तर हीटसिंकच्या पात्यांत सुताची अख्खी गादी. आप्पांनी तो यंत्रमागाच्या शेडमध्ये हिशेबाला वापरलेला. सोलापूरच्या पूर्व भागातला कापसाचा तूस कुठंही शिरतो.

ओंकारला आजच चालू करायचा होता. "आधी ब्रश घे," आप्पा म्हणाले.

ब्रशनंच पाऊण तास गेला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, ती पुसून मुगाएवढी नवी पेस्ट मधोमध. दोन जीबीच्या दोन रॅम, कडांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासलेल्या. बोर्डावरचा सेल मेलेला, त्याजागी नवा सीआर २०३२. सगळं कॅबिनेटमध्ये ठोकून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच.

"बोर्ड गेलाय."

"पंखा फिरतोय म्हणजे गेला असं नाही अन् चांगला असंही नाही. सगळं काढ."

ओंकारचं तोंड पडलं. तरी बोर्ड पुठ्ठ्यावर मांडला. एकच रॅम, हार्डडिस्क नाही. काळीच. रॅम बदलली. काळीच. मग चोवीस पिनांच्या जाड वायरीपासून एकेक जोडणी बोटानं मोजत तो प्रोसेसरशेजारी थांबला. तिथला चार पिनांचा चौकोन रिकामा होता. प्रोसेसरला बारा व्होल्ट तिथूनच जातात. वायर तुसाखाली, कॅबिनेटच्या कोपऱ्यात.

खट्ट.

`CMOS Date/Time Not Set`

तो कॅबिनेटकडे धावला.

"थांब," आप्पा म्हणाले, "आधी दुसरी रॅम तपास."

ओंकारनं प्लग काढला.