सुप्याजवळच्या माळावरचा तुरेवाला चंडोल: फोटो गेला, वर्णनावरून ओळख हवी

नमस्कार. पुणे जिल्ह्यातल्या मोरगाव–सुपे रस्त्यालगतच्या माळावर 9 मार्च 2025 रोजी, रविवारी सकाळी 7.10 ते 9.20 या वेळात दिसलेल्या एका चंडोलाची ओळख पक्की करायची आहे. कॅमेऱ्याचे कार्ड खराब झाले आणि अकराही फोटो गेले. म्हणून खालची माहिती तीन दर्जांची आहे आणि आम्ही ती मुद्दाम वेगळी ठेवली आहे: जागेवर वहीत लिहिलेली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून पाहिलेली, आणि नंतर नुसती आठवलेली. जिथे काही म्हटलेले नाही ते वहीतले समजावे.

जागा आधी, कारण या पक्ष्याच्या बाबतीत निम्मी ओळख जागाच सांगते. पर्जन्यछायेचा, मुरमाड, हलक्या उताराचा माळ. कुसळी गवत वाळून पिवळे पडलेले, बहुतेक ठिकाणी मेंढरांनी चरून घोट्याएवढे ठेवलेले. मधेमधे तरवड, बोरीची खुरटी झुडपे, लांबवर हिवर आणि बाभळी. पाणी जवळ नाही. ज्वारीचे रान काढून झालेले, ते साधारण 200 मीटरवर. पक्षी मात्र रानात एकदाही उतरला नाही; उघड्या मुरमावर आणि गवताच्या ठिपक्यांच्या कडेलाच फिरत होता.

आकाराचा अंदाज नुसत्या नजरेने घेतलेला नाही. मोकळ्या माळावर जवळपास मापाला काही नसले की चिमणीएवढा पक्षी बुलबुलाएवढा वाटतो, आणि दुर्बिणीत तर हमखास. इथे दोन मापे मिळाली. पहिले म्हणजे एक डोंबारी नर त्याच्यापासून हातभर अंतरावर दाणे टिपत होता. आमचा पक्षी त्याच्याहून जरासा लांब, उभा राहिल्यावर स्पष्ट उंच, पण दीडपट मुळीच नव्हे. दुसरे माप दगडाचे. पक्षी ज्या चपट्या दगडावर आडवा बसून गात होता त्याची वरची धार तो उडाल्यावर टेपने मोजली, ती 17 सेंमी भरली. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पक्ष्याने या धारेचा चार पंचमांशाहून किंचित जास्त भाग व्यापला होता. म्हणजे साधारण 14 सेंमी. अंग थोडे तिरके होते, त्यामुळे खरी लांबी सेंटिमीटरभर जास्त असू शकते. 16 च्या वर जाईल असे वाटत नाही.

तुरा लांब, टोकदार आणि मागे झुकलेला. गाताना उभा, चरताना डोक्याला चिकटलेला, पण टोक तेव्हाही मानेमागे बाहेर दिसायचे. डोळ्यावरून फिकट भुवई. पाठ तांबूस तपकिरी, त्यावर गडद रेघा. पाठीच्या छटेवर फार भर देऊ नये, अशी विनंती. मार्चपर्यंत पिसांच्या कडा झिजलेल्या असतात, आणि सकाळी सव्वासातच्या तिरप्या उन्हात प्रत्येक मातकट पक्षी तांबूसच दिसतो. म्हणून 9 वाजता, ऊन वर आल्यावर, रंग पुन्हा लिहून काढले: पाठ तेव्हा मातकट तपकिरी दिसली, पोटाखालचा रंग मात्र तसाच तांबूस-पिवळसर राहिला. गळ्यापासून शेपटीखालपर्यंत एकच उबदार छटा, पोटावर पांढरा भाग नाही.

छाती हा कळीचा मुद्दा. रेघा होत्या, पण बारीक, तुटक आणि मोजक्या. वरच्या छातीवर मधोमध जवळपास कोरी जागा, दोन्ही बाजूंना पेन्सिलीने ओढल्यासारखे सात-आठ फराटे. हा आकडा पडद्यावर मोठ्या केलेल्या फोटोतून मोजलेला आहे. दुर्बिणीतून, 22 पावलांवरून, छाती जवळजवळ कोरीच वाटत होती.

चोच शिंगाच्या रंगाची, खालच्या पात्याचे बूड फिकट, टोकाकडे किंचित वाकलेली. चिमणीसारखी तिकोनी जाड नव्हे, तिरचिमणीसारखी सडसडीतही नव्हे. लांबी चोचीच्या बुडापासून डोळ्यापर्यंतच्या अंतराहून थोडी जास्त. पाय फिकट मांसल रंगाचे. मागच्या बोटाची नखी गवतामुळे दिसली नाही.

उडताना शेपटी आखूड वाटली, बाहेरची पिसे तांबूस, पांढरी कड नाही. पंखावर ठळक तांबडा पट्टा दिसला नाही. पंखाबद्दलचे हे शेवटचे वाक्य आठवणीतले आहे, वहीत नाही.

आवाज दोन प्रकारचा. उडताना छोटा, जरा खरखरीत "च्र्यी". आणि गाणे: दगडावरून, दोनदा हवेत बरेच वर चढून, पंख फडफडवत. एका दमात अर्धा-पाऊण मिनिट, भराभर बदलणारे तुकडे. त्यात टिटवीची "टिट्यू" हाक बारीक आवाजात पण ताल हुबेहूब, आणि कोतवालाची कर्कश दुहेरी शीळ होती. कोतवाल त्या वेळी नजरेच्या टप्प्यात कुठेच नव्हता, आणि चोच हलताना दुर्बिणीतून दिसत होती, म्हणून ही नक्कलच. ध्वनिमुद्रण नाही, वारा होता आणि फोनमध्ये फक्त घोंघावणे आले.

आमची छाननी अशी. तुऱ्यामुळे आणि शेपूट न हलवण्यामुळे तिरचिमणी बाद. मुरारी जाड चोचीचा, त्याच्या तांबूस शेपटीला गडद टोक असते आणि असा तुरा नसतो. डोंबारी शेजारीच होता. उत्तरेकडचा मोठा तुरेवाला चंडोल चांगला 18 सेंमीचा आणि फिकट वाळूच्या रंगाचा, तोही बसत नाही. उरतात दोन: साइक्सचा चंडोल आणि मलबारी चंडोल. मलबारी थोडा मोठा, चोच दणकट, छातीवरच्या रेघा ठसठशीत, पोट फिकट. आमचा कल साइक्सकडे आहे. कर्नल साइक्सनी दख्खनच्या पक्ष्यांमध्ये 1832 साली ज्याचे वर्णन केले तो हाच, आणि असा कोरडा माळ हे त्याचे हक्काचे घर. नकलांना मात्र या दोघांच्या निवाड्यात आम्ही वजन दिलेले नाही, कारण इतरही चंडोल नकला करतात.

तरीही माळाच्या पक्षीयादीत नाव घालण्याआधी दोन शंका जाणकारांनी फेडाव्यात. पश्चिमेला पुरंदरचे डोंगर दूर नाहीत. मलबारी चंडोल विणीच्या सुमारास तिथून इतक्या पूर्वेला, सपाट माळावर उतरल्याची कुणाची स्वतः पाहिलेली नोंद आहे का? आणि पूर्ण वाढलेल्या मलबारीच्या छातीवरच्या रेघा झिजून इतक्या पुसट झालेल्या कुणी हातात किंवा जवळून पाहिल्या आहेत का? पाठीवर पिल्लासारखे फिकट खवले नव्हते, त्यामुळे हा पक्षी या सालचे पिल्लू नव्हे एवढे नक्की.

उत्तर देताना नुसते नाव न लिहिता कोणत्या खुणेवरून तो निष्कर्ष काढला तेही लिहावे. तोच दगड, तोच माळ पुढच्या रविवारी सकाळी 6.45 ला पुन्हा बघणार आहोत. मागची नखी आणि पंखाची खालची बाजू यांखेरीज आणखी काय नेमके पाहावे, तेही सांगा.