पाळी येण्याआधी सईशी बोललेले

सई, दार लोटून घे आणि इथे जेवणाच्या टेबलापाशी माझ्या शेजारी बस. आजी देवळात गेली आहे आणि बाबा दादाला घेऊन उपवन तलावाकडे सायकल चालवायला गेले आहेत, त्यामुळे तासभर तरी आपल्याला कोणी हाक मारणार नाही. गुपित आहे म्हणून मी त्यांच्या जाण्याची वाट पाहिली असे समजू नकोस. तुला मनात येईल तो प्रश्न न लाजता विचारता यावा, एवढाच हेतू आहे.

मागच्या आठवड्यात एका बाजूची छाती दुखते आणि आत बारीक गाठ लागते म्हणून तू घाबरून माझ्याकडे आली होतीस. वयात येण्याची ती पहिली खूण आहे आणि ती एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला काही दिवसांनी दिसणे नेहमीचे आहे, असे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितले. ही खूण दिसल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी मुलीला पाळी येते. म्हणजे तुझी पाळी बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी येईल, पण काही मुलींना ती नवव्या-दहाव्या वर्षीच येते आणि काहींना चौदाव्या-पंधराव्या वर्षी, आणि यातले काहीही चुकीचे नसते. अजून वेळ आहे हे मला माहीत असूनही मी आजच बोलते आहे, याचे कारण माझ्या वेळी माझ्याशी आधी कोणीच बोलले नव्हते. मी सातवीत होते. मैदानावर लंगडी खेळून आल्यावर चड्डीवर रक्त दिसले आणि उडी मारताना पोटात काहीतरी फाटले, अशी माझी खात्री झाली. घरी आल्यावर मला फक्त ‘तुला कावळा शिवला’ एवढेच सांगण्यात आले, आणि मी दोन दिवस गॅलरीत उभी राहून तो कावळा नेमका कधी शिवून गेला याचा विचार करत होते. हस, हस. मलाही आता हसू येते, तेव्हा मात्र मी रात्रभर रडले होते.

आता नीट ऐक. तुझ्या ओटीपोटात, बेंबीच्या बरेच खाली, गर्भाशय नावाची एक छोटी पिशवी आहे. बाळ याच पिशवीत वाढते. तिच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात. मुलगी वयात आली की साधारण महिन्यातून एकदा त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके बारीक बीज बाहेर पडते, आणि त्याच सुमारास पिशवीच्या आत रक्ताचे मऊ अस्तर तयार होते, जसे पाहुणे येणार म्हणून आपण गादीवर स्वच्छ चादर घालतो तसे. बाळ राहणार नसेल तर त्या अस्तराचे काम नसते, म्हणून ते सुटून रक्ताबरोबर बाहेर येते. यालाच पाळी म्हणतात.

“म्हणजे रक्त शूच्या जागेतून येते?”

नाही, आणि हा प्रश्न तू विचारलास ते बरे झाले, कारण पुष्कळ मोठ्या बायकांनाही हे नीट माहीत नसते. शूची जागा पुढे असते, शीची मागे, आणि या दोन्हींच्या मध्ये तिसरी वाट असते, तिला योनी म्हणतात. रक्त या मधल्या वाटेने येते. म्हणून शू थांबवता येते तसे हे रक्त थांबवता येत नाही, ते आपोआप थोडे थोडे येत राहते आणि त्यासाठीच पॅड लावावा लागतो.

“खूप रक्त येते का? मग माणूस मरत नाही?”

ही वाटी बघ. तिच्यात मी चहाच्या चमच्याने मोजून सात चमचे कोकमाचे पातळ आगळ घातले आहे. पाळीच्या सगळ्या दिवसांचे मिळून साधारण सहा ते आठ चमचेच रक्त जाते. कपड्यावर पसरल्यामुळे ते फार वाटते, पण शरीर ते सहज भरून काढते. आता हा पॅड उघड. मागचा कागद सोलला की गोंदाची पट्टी दिसते, ती चड्डीच्या मधोमध दाबून बसवायची. बाजूचे हे दोन पंख चड्डीच्या कडांवरून खाली दुमडून चिकटवायचे, म्हणजे पॅड सरकत नाही. गोंदाची बाजू नेहमी कापडाकडे असावी. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्यांदा तो उलटा लावला होता आणि काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. आता वाटीतले थोडे आगळ हळूहळू या पॅडवर ओत. बघितलेस? वरून बोट लावले तर जेमतेम ओले लागते, कारण सगळे आत शोषले गेले.

तरीही पॅड भरेपर्यंत थांबायचे नाही. रक्त कमी असले तरी दर चार ते सहा तासांनी तो बदलायचा, कारण ओलसर पॅड फार वेळ राहिला की वास येतो, मांड्यांना चट्टे उठतात आणि खाज सुटते. तुझी शाळा नौपाड्यात आणि आपण राहतो घोडबंदर रोडला. स्कूल व्हॅन गर्दीत अडकली की तास-सव्वा तास कसा जातो ते तुला ठाऊकच आहे, म्हणून शाळा सुटल्यावर व्हॅनमध्ये बसण्याआधी पॅड बदलून घ्यायचा हे आत्ताच पक्के लक्षात ठेव. वापरलेला पॅड गुंडाळून वर्तमानपत्राच्या कागदात बांधायचा आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, कमोडमध्ये कधीही नाही, कारण तो फुगतो आणि पाइप तुंबतो. घरी आपण त्या पुडीवर लाल पेनाने ठिपका काढून ती वेगळी ठेवू, म्हणजे आपला कचरा हाताने निवडणाऱ्या मावशींना ती उघडावी लागणार नाही. आजी तिच्या तरुणपणी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरत असे. कापड वाईट नसते, मात्र ते साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे लागते आणि लाजेखातर इतर कपड्यांखाली दडवून वाळवले तर ओल राहून त्रास होतो. तू पॅडनेच सुरुवात कर.

स्वच्छतेचे म्हणशील तर रोज आंघोळ करायची आणि ती जागा बाहेरून साध्या पाण्याने धुवायची. आत साबण, अत्तर, जंतुनाशक असे काही घालायचे नाही, कारण आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. पुसताना आणि धुताना हात पुढून मागे न्यायचा, उलटा कधीच नाही, म्हणजे शीच्या जागेचे जंतू पुढे येत नाहीत. पॅड लावण्याआधी आणि काढल्यावर हात साबणाने धुवायचे. चड्डीला डाग लागला तर ती गार पाण्यात भिजवायची. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो, हे मी चांगल्या दोन चादरी घालवून शिकले.

“दुखते का गं?”

खोटे सांगत नाही, बऱ्याच जणींचे दुखते. आतले अस्तर बाहेर ढकलण्यासाठी गर्भाशय आवळते आणि सैल होते, म्हणून पहिले एक-दोन दिवस ओटीपोटात पिळवटल्यासारखे वाटते, कधी कंबर आणि मांड्याही भरून येतात. एखादीला मळमळते, एखादीला उगाचच रडू येते, आणि एखादीला काहीच होत नाही. दुखले तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे पोटावर धरायची, थोडे चालायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर मला सांगायचे. डॉक्टरांना विचारून तुझ्या वजनाप्रमाणे गोळी देता येते. दुखणे मुकाट्याने सोसण्यात मोठेपणा आहे असे आपल्याकडे बायकांना वर्षानुवर्षे शिकवले गेले, आणि ते मला मुळीच पटत नाही.

पाळी येण्याच्या काही महिने आधी चड्डीवर पांढरट, चिकट डाग दिसू लागेल. तो आजार नव्हे. पहिल्या वेळी लाल रक्त येईलच असे नाही, नुसता चॉकलेटी डागही असू शकतो. पाळी दोन ते सात दिवस टिकते. पुस्तकात अठ्ठावीस दिवस लिहिलेले असले तरी पहिली दोन-तीन वर्षे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत एकवीस ते पंचेचाळीस दिवस जाऊ शकतात, म्हणून वर्गातल्या मैत्रिणीशी तुलना करायची नाही. आपण कालनिर्णयवर त्या तारखेला एक छोटी टिकली लावू, म्हणजे अंदाज येत जाईल. डॉक्टरांकडे जायचे ते पाळी सात दिवसांहून जास्त चालली, दर तास-दोन तासांनी पॅड भरू लागला, एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही, दुर्गंधी किंवा खाज असली, किंवा गोळी घेऊनही शाळेत जाता येईना, तर. यातले काही झाले तर तू फक्त मला सांग, पुढचे मी बघते.

“पोहायला जाता येईल? आणि आजी देवाजवळ जाऊ देईल?”

पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही, कारण तो पाणी पिऊन फुगतो. त्यामुळे सध्या ते तीन-चार दिवस पोहण्याला सुट्टी. धावणे, सायकल, कबड्डी, गरब्याला नाचणे, लोणच्याच्या बरणीला हात लावणे, सगळे चालते. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने. देवाचे म्हणशील तर आजी कोकणातल्या घरी चार दिवस पडवीत वेगळी बसत असे, आणि तिच्यासाठी त्यात कामातून मिळणारी विश्रांतीही होती, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही. पण या घरात तुला कोणी बाजूला बसवणार नाही, हे मी आजीशी आधीच बोलले आहे. ती थोडी कुरकुरली आणि मग म्हणाली, “पोरीला भूक लागते त्या दिवसांत, तिला खजूर दे.” बाबांनाही सगळे माहीत आहे. मी घरी नसेन तेव्हा पॅड आणून द्यायला त्यांना सांगायचे, ते दुकानदाराकडून काळी पिशवी न मागता आणतील.

ही निळी पाऊच तुझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात राहील. तिच्यात दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचे दोन तुकडे आणि ओली चड्डी ठेवायला एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. शाळेत अचानक आली तर वर्गशिक्षिकांना ‘मला पाळी आली आहे’ एवढेच म्हणायचे. पाऊच नसेल तर हातरुमालाची घडी तात्पुरती पुरते. स्कर्टला डाग लागला तर स्वेटर कमरेला बांध आणि मला फोन करायला सांग. मैत्रिणीला लागलेला दिसला तर हसायचे नाही, तिच्या कानात सांगायचे आणि आपल्यातला एक पॅड तिला द्यायचा.

आता हा दुसरा पॅड घे, आत जाऊन स्वतःच्या हाताने लाव, आणि तसाच ठेवून खाली खेळायला जा. कुठे टोचतो, कुठे सरकतो ते संध्याकाळी मला सांग, म्हणजे पुढच्या वेळी मेडिकलमधून कुठल्या लांबीचा आणायचा ते आपल्याला कळेल.