कर्मचारी रेफरल योजना: धोरण आणि नियम

लागू: 1 जुलै 2025 पासून
कोणासाठी: कंपनीच्या सर्व शाखांतील कर्मचारी
जबाबदारी: एचआर विभाग

1. हे धोरण कशासाठी

कामाचा माणूस कोण, हे त्याच्यासोबत काम केलेल्याला सर्वात आधी कळतं. म्हणून रिकाम्या जागांसाठी तुमच्या ओळखीतली माणसं सुचवा, असं कंपनी म्हणते आणि तो माणूस रुजू होऊन टिकला तर रेफरल बोनस देते. जुन्या नियमांत एक गोष्ट खुपत होती. दिलेला बोनस पुढे पगारातून कापला जाईल, ही धास्ती शिफारस करणाऱ्याच्या डोक्यावर असायची. नवीन माणूस नोकरी सोडतो ते त्याच्या कारणाने. त्याचा भुर्दंड शिफारस करणाऱ्यावर पडू नये, या विचाराने हे धोरण नव्याने लिहिलं आहे.

2. शिफारस कोण करू शकतं

कंपनीच्या पेरोलवरचा प्रत्येक कर्मचारी, रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून. प्रोबेशन संपण्याची वाट पाहायची गरज नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यांनाही बोनस पूर्णच मिळेल, कारण शिफारस अर्धी नसते.

बोनस पुढील लोकांना मिळणार नाही: भरतीचं काम पाहणारे एचआरमधील सहकारी, संचालक आणि त्यावरील पदांवरचे अधिकारी, ज्या टीममध्ये जागा आहे तिचा हायरिंग मॅनेजर, आणि त्या जागेच्या मुलाखतीला बसणारं कोणीही. यांनी नावं जरूर सुचवावीत. पण निवडीत हात असलेल्याला निवडीबद्दल पैसे मिळणं योग्य नाही. इंटर्न आणि एजन्सीमार्फत आलेले सहकारी आमच्या पेरोलवर नसल्यामुळे सध्या योजनेबाहेर आहेत.

3. कोणाची शिफारस चालेल

तुम्ही ज्याचं काम पाहिलं आहे, अशा माणसाची. सोबत नोकरी केली असेल, एकत्र शिकला असाल किंवा एखाद्या प्रकल्पात गाठ पडली असेल, तरी चालेल. समाज माध्यमांवर ‘रेझ्युमे पाठवा’ अशी पोस्ट टाकून आलेली नावं पुढे ढकलणं म्हणजे रेफरल नव्हे. पोर्टलवरच्या रेफरल फॉर्ममध्ये ‘तुम्ही यांना कसे ओळखता’ हा रकाना आहे. त्यात चार ओळी मनापासून लिहा. मुलाखत घेणारे तो रकाना वाचतात.

नातेवाइकांची शिफारस करता येते, मात्र नातं फॉर्ममध्ये लिहावंच लागेल आणि तो उमेदवार तुमच्या हाताखाली किंवा तुमच्या वरच्या साखळीत काम करणार नाही. नातं लपवलेलं आढळल्यास बोनस रद्द होईल.

उमेदवाराला विचारल्याशिवाय त्याचा रेझ्युमे आणि फोन नंबर देऊ नका. सध्याच्या कंपनीत तो कोणाला न सांगता नोकरी शोधत असू शकतो. फॉर्म भरला की पोर्टल त्याला संमतीचा मेल पाठवतं, आणि त्याने होकार दिल्यावरच शिफारस नोंदली जाते.

गेल्या 6 महिन्यांत त्याच उमेदवाराने स्वतः अर्ज केला असेल किंवा एजन्सीने त्याचं नाव दिलं असेल, तर बोनस लागू होत नाही. गेल्या 12 महिन्यांत कंपनी सोडून गेलेल्यांनाही हाच नियम. एकाच माणसाचं नाव दोघांनी दिलं, तर पोर्टलवर ज्याची नोंद आधीची त्याचा हक्क. शिफारस 6 महिने ग्राह्य राहते. त्या काळात उमेदवार दुसऱ्याच जागेवर निवडला गेला, तर त्या जागेचा बोनस मिळेल.

शिफारस असली म्हणून निवडीचे निकष सैल होणार नाहीत. आपण सगळे आपल्यासारख्याच माणसांना ओळखतो, त्यामुळे केवळ रेफरलवर भरती केली तर टीम एकसुरी होते. म्हणून प्रत्येक जागेची जाहिरात बाहेरही दिली जाईल. उमेदवार कोणत्या टप्प्यावर आहे हे तुम्हाला पोर्टलवर दिसेल. नाकारण्याचं कारण मात्र फक्त त्यालाच कळवलं जाईल.

4. बोनस किती

कनिष्ठ श्रेणीसाठी त्या श्रेणीच्या किमान मासिक मूळ पगाराच्या 50 टक्के, मध्यम श्रेणीसाठी 75 टक्के, आणि पोर्टलवर ‘दुर्मीळ कौशल्य’ अशी खूण असलेल्या जागांसाठी 100 टक्के. आकडा उमेदवाराच्या प्रत्यक्ष पगारावर ठेवलेला नाही, कारण बोनसवरून त्याचा पगार सहज काढता आला असता. शिफारस नोंदली त्या दिवशीचा दर लागू राहील. मागाहून खूण काढली गेली तरी तुमचा बोनस कमी होणार नाही.

5. पैसे कधी मिळतील

दोन हप्त्यांत. नवीन कर्मचाऱ्याने 90 दिवस पूर्ण केले की 40 टक्के, 180 दिवस पूर्ण केले की उरलेले 60 टक्के. रुजू झाल्याचा दिवस पहिला धरायचा आणि सुट्टीचे दिवसही मोजायचे. ज्या महिन्यात दिवस पूर्ण होतील, त्याच्या पुढच्या महिन्याच्या पगारात हप्ता जमा होईल. उदाहरणार्थ, उमेदवार 3 मार्चला रुजू झाला तर 90 दिवस 31 मे रोजी भरतात आणि पहिला हप्ता जूनच्या पगारात येतो. 180 दिवस 29 ऑगस्टला भरतात, म्हणून दुसरा हप्ता सप्टेंबरच्या पगारात. रक्कम पगाराच्या स्लिपमध्ये वेगळ्या ओळीत दिसेल आणि नियमाप्रमाणे कर कापला जाईल.

आजारपण, प्रसूती किंवा पालकत्वाची रजा या दिवसांत धरली जाते. 15 दिवसांहून लांब बिनपगारी रजा घेतली, तर तेवढे दिवस पुढे ढकलले जातील.

6. नवीन कर्मचारी लवकर गेला तर

90 दिवसांच्या आत गेला तर बोनस नाही. 90 ते 180 दिवसांच्या दरम्यान गेला तर पहिला हप्ता तुमचाच राहील, दुसरा मिळणार नाही. दिलेला हप्ता पगारातून किंवा फुल अँड फायनलमधून वसूल केला जाणार नाही.

इथे राजीनामा दिल्याची तारीख धरली जाते, शेवटच्या दिवसाची नाही. वरच्याच उदाहरणात उमेदवाराने 20 ऑगस्टला राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड 20 सप्टेंबरला संपला, तर कागदोपत्री 180 दिवस भरतात, पण दुसरा हप्ता देय नाही. कामातील कमतरता किंवा गैरवर्तनामुळे काढलं गेल्यासही असंच.

माणूस स्वतःहून गेला नसेल तर हिशोब वेगळा. जागाच रद्द झाली, टीम बंद झाली किंवा कंपनीने कपात केली, तर उरलेला संपूर्ण बोनस पुढच्या पगारात दिला जाईल, 90 दिवस भरलेले नसले तरी. मृत्यू किंवा काम करणं अशक्य करणारा आजार यांनाही हाच नियम लागू आहे. अशा वेळी शिफारस करणाऱ्याला अर्ज करायला लावू नये, एचआरने स्वतःहून रक्कम पाठवावी. दुसऱ्या विभागात बदली झाली तर दिवस चालूच राहतात.

वसुली न करण्याच्या नियमाला अपवाद एकच: उमेदवाराची कागदपत्रं खोटी होती आणि ते तुम्हाला माहीत होतं, असं चौकशीत सिद्ध झालं तर. बोनसमधला वाटा उमेदवाराला देण्याचं ठरवून केलेली शिफारसही याच प्रकारात मोडते.

7. शिफारस करणाराच कंपनी सोडत असेल तर

नोटीस पिरियडमध्ये दिवस पूर्ण झाले तर तो हप्ता फुल अँड फायनलमध्ये मिळेल. शेवटच्या दिवसानंतरचे हप्ते मिळणार नाहीत. निवृत्त झालेल्यांना आणि कपातीत नोकरी गेलेल्यांना मात्र पुढचे हप्तेही त्यांच्या तारखेला दिले जातील.

8. तक्रार

हप्ता चुकला किंवा नाकारला गेला, तर 60 दिवसांत पोर्टलवर तक्रार नोंदवा. 15 कामकाजाच्या दिवसांत लेखी आणि सकारण उत्तर मिळेल. ते पटलं नाही तर प्रकरण एचआर प्रमुख आणि वित्त प्रमुख यांच्याकडे एकत्र जाईल.

1 जुलै 2025 पूर्वी नोंदलेल्या शिफारशींना जुने आणि नवे नियम यांपैकी कर्मचाऱ्याला जे फायद्याचे ते लागू होतील. जुन्या नियमांखाली सुरू असलेली वसुली त्याच दिवसापासून थांबवण्यात येत आहे.