विषय: १० नोव्हेंबर ते ४ जानेवारी रजा – तातडीच्या कामांसाठी संदीप, आणि खरेदीची प्रलंबित कामे

नमस्कार मंडळी,

सोमवार, १० नोव्हेंबरपासून मी आठ आठवड्यांच्या वैद्यकीय रजेवर जात आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया शुक्रवारी १४ तारखेला आहे. डॉक्टर काही आडवंतिडवं बोलले नाहीत तर सोमवार, ५ जानेवारीला मी पुन्हा जागेवर असेन. तोपर्यंत खरेदी विभागातली तातडीची कामं संदीप बघेल.

स्टोअर्समुळे संदीपला तुम्ही सगळे ओळखताच. पण तो मालाची पावती फाडण्यापलीकडे काय काय करतो, हे फार जणांना माहीत नाही. गेल्या वर्षी कास्टिंगचा तुटवडा पडला तेव्हा कोणत्या पुरवठादाराकडे किती माल पडून आहे हे त्याने फोनवर फोन करून शोधलं होतं आणि लाइन थांबू दिली नव्हती. पुरवठादार त्याला आवाजावरून ओळखतात. गेले तीन आठवडे तो माझ्या शेजारी बसून पीओपासून बिल पास होईपर्यंतचं सगळं बघतोय. स्टोअर्सचं त्याचं रोजचं काम चालूच राहणार आहे, त्यामुळे त्याच्याकडे जाताना एवढं लक्षात ठेवा.

तातडीचं म्हणजे काय, तेही ठरवून टाकू. पुढच्या ४८ तासांत लाइन थांबणार असेल, गेटवर माल अडला असेल किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल, तर थेट संदीपला फोन करा. नव्या खुर्च्या, वेगळ्या ब्रँडचा प्रिंटर, ‘जरा एक कोटेशन काढून ठेव’ हे तातडीचं नाही. त्यासाठी नेहमीचा मागणी फॉर्म भरा, तो दर बुधवारी ते एकत्र बघेल. तोंडी मागणीवर पीओ निघणार नाही. माझ्याकडे कधीकधी निघायचा, ती माझी चूक होती. संदीपच्या गळ्यात ती घालू नका.

आता प्रलंबित कामं. आधी ज्यावर नजर ठेवायलाच हवी ती.

बेअरिंग. ६०० नगांच्या ऑर्डरपैकी ४०० आले, २०० बाकी आहेत. १० तारखेला आपल्याकडे साधारण २१० शिल्लक असतील आणि रोज १२ लागतात, म्हणजे २८ नोव्हेंबरच्या आसपास साठा संपेल. उरलेले २०० पुरवठादार २४ तारखेला देतो म्हणाला आहे. मधे चार-पाच दिवसांचीच फट आहे आणि या माणसाची ‘सोमवारी नक्की’ ही तारीख मी नेहमी गुरुवार धरते. संदीप, १७ तारखेला त्याच्याकडून गाडी नंबर नाही, तर निदान पॅकिंग झाल्याचा फोटो मागून घे. पुढच्या ६०० ची ऑर्डर मी २८ ऑक्टोबरलाच टाकली आहे. लीड टाइम सहा आठवड्यांचा, म्हणजे माल ९ डिसेंबरच्या सुमारास येईल. प्रॉडक्शनने वेग वाढवायचं ठरवलं तर हा हिशोब कोलमडेल, तेव्हा ते ठरवायच्या आधी संदीपला सांगा.

ऑइल सीलची परत करायची बॅच. क्वालिटीने सहा पेट्या नाकारल्या, आतला व्यास जास्त आहे. पुरवठादार बदली माल द्यायला तयार आहे, पण जुन्या मालाची क्रेडिट नोट अजून आलेली नाही. अकाउंट्सला विनंती: ती येईपर्यंत हे बिल थांबवूनच ठेवा. ते लोक बिलाबद्दल प्रेमळ आवाजात फोन करतील. पेट्या लाल टेप लावून स्टोअर्सच्या मागच्या कोपऱ्यात आहेत. चुकून लाइनवर जाऊ नयेत म्हणून कृपया तिथून हलवू नका.

कॅलिब्रेशन. टॉर्क रेंच आणि व्हर्नियरच्या प्रमाणपत्रांची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. पीओ काढलेला आहे. क्वालिटीने कोणती उपकरणं कोणत्या दिवशी पाठवायची ती यादी १४ तारखेपर्यंत संदीपला द्यावी. सगळी एकाच दिवशी पाठवली तर वापरायला हातात काही उरणार नाही, म्हणून दोन खेपा करा.

कॉम्प्रेसरचा देखभाल करार ३१ डिसेंबरला संपतोय. तीनपैकी दोन कोटेशन आली आहेत, तिसऱ्याचा मी पाठपुरावा केला पण ते टाळत आहेत. १५ नोव्हेंबरपर्यंत आलं नाही तर दोघांचीच तुलना देशपांडे सरांकडे द्यावी. एक दर कमी दिसतो, पण त्यात फिल्टर आणि ऑइल धरलेलं नाही, तेव्हा बेरीज करूनच बघा. करारात खंड पडायला नको, कारण कॉम्प्रेसर बंद म्हणजे अर्धी शॉप बंद.

बाकी किरकोळ. पॅकिंग पेट्यांचे नवे नमुने आले आहेत, त्यांची पाडून बघायची चाचणी क्वालिटी घेईल, घाई नाही. हातमोज्यांची ऑर्डर मार्गी लागली आहे. भंगाराच्या दराचं पत्र लिहिलेलं आहे, सरांची सही तेवढी बाकी.

पुढच्या वर्षाचे वार्षिक दर करार मात्र कोणी उघडू नका. पुरवठादारांनी भाववाढ मागितली तर ‘मेघना आल्यावर’ एवढंच उत्तर द्या. मी नाही म्हणून जोर लावून बघणारे दोघे-तिघे आहेतच.

अधिकारांबद्दल. सिस्टिममध्ये पीओ तयार करण्याचा अधिकार संदीपला १० तारखेपासून मिळतोय. मंजुरी नेहमीप्रमाणे देशपांडे सरांची, आणि ते बाहेर असतील तर प्लांट हेडची. माझा पासवर्ड कोणालाही दिलेला नाही आणि कोणी मागूही नये. एक गोष्ट ठासून सांगते: पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला तर त्यावर विसंबून खातं बदलायचं नाही. मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या यादीतल्या नंबरवर फोन करून खात्री करा. खोटं पत्र हुबेहूब असतं, अगदी लोगोसकट.

सगळे कागद सामायिक ड्राइव्हवर ‘खरेदी – प्रलंबित’ या फोल्डरमध्ये आहेत, प्रत्येक पुरवठादाराच्या नावाने. पहिल्या फाइलमध्ये संपर्क, बोलण्याच्या तारखा आणि कोण काय कबूल करून गेला ते आहे. शेवटच्या रकान्यातल्या माझ्या टिपा थोड्या तिखट आहेत, बाहेर पाठवताना तो रकाना काढून टाका.

मला फोन करू नका असं म्हणत नाही, पण पहिले दोन आठवडे मी औषधांच्या गुंगीत काय सांगेन याची खात्री नाही. २४ तारखेनंतर खरंच अडलं तर संदीप ठरवेल आणि मला एक फोन करेल. सगळ्यांनी एकेक नको. मेल मी बघणार नाही, आलेल्या मेलला संदीपचं नाव सांगणारं आपोआप उत्तर जाईल.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी सहा वाजेपर्यंत जागेवर आहे. बेअरिंगबद्दल प्रॉडक्शनने उद्या अकरा वाजता दहा मिनिटं यावं. संदीप आणि मी दोघं असू. यादीत तुमचं काही राहिलं असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा, म्हणजे मी ते त्याच्या वहीत लिहून देऊ शकेन.

मेघना
खरेदी विभाग