माझं नाव तुम्ही ठेवा

पिल्लू दत्तक मेळावा, वाई
रविवार, 11 जानेवारी 2026

थांबा थोडं, वाका खाली, माझी उंची वीतभर;
एसटीला वेळ आहे, ऐका माझं क्षणभर.

रंग माझा विटकरी, छातीवर शुभ्र टिळा;
एक कान उभा आणि दुसरा तो थोडा खुळा.
नाव नाही मला काही, 'हाड' तेवढं माहीत;
त्याच हाकेला शेपूट हलवतो मी गर्दीत.

गणपती आळी माझी, कृष्णामाईच्या काठाला;
ढोल्या गणपती जिथं मोठा एवढा बसला.
बंद एका दुकानाची पायरी ती मोडलेली;
तिच्याखाली गोणपाट, ती बाळंतिणीची खोली.
त्रिपुरी पौर्णिमा होती, घाट सारा पणत्यांचा;
डोळे मिटलेले आम्ही, वास फक्त तो दुधाचा.
चौघं होतो एका पोटी, एकमेकांचीच शाल;
मधे जो, तो उबेमधे. कडेला जो, त्याचे हाल.
आई रात्री जाई दूर, लग्नघराच्या उष्ट्याला;
येई तेव्हा घास थोडा ओकून देई आम्हाला.

चालायला शिकलो नि दत्तजयंती आलेली;
समोरच्या घरी मोठी तसबीर मांडलेली.
तीन शिरं, सहा हात, गाय उभी पाठीपाशी;
आणि चार कुत्री, चारी दत्तगुरूंच्या पायाशी.
चार! आम्हीसुद्धा चार! मोजून बघितलं मी;
चौघांनाही देवाच्याच पायाशी जागा नेहमी.

त्या घरच्या आजी आल्या भात पानात घेऊन;
'खा रे लेकरा' म्हणाल्या, आई बघते लांबून.
'लेकरा' हेच का नाव? विचारलं मी आईला;
ती म्हणाली, 'नाव नव्हे, ती माया असते, बाळा.'

पसरणी घाटावर धुकं होतं त्या दिवशी,
धाकटी ती उठलीच नाही माझ्या कुशीपाशी.
गार झालं होतं अंग, आईनं खूप चाटलं;
उन्हं वर आली तेव्हा तिनं चाटणं सोडलं.

थोरला तो धीट होता, धावे चाकांच्या मागून;
रस्त्यावरून एकदा आला नाही परतून.

तिसरी पांढरी होती, कुणी हौसेनं ती नेली;
आठ दिस खेळवून पुन्हा रस्त्यात सोडली.
गळ्यामध्ये लाल फीत बांधलेली तशीच ती;
कुठल्याही दारापुढं 'हेच का ते?' थांबते ती.
मादी आहे म्हणून का टोपलीत उरते ती?
ऑपरेशन होतं ना? मग कसली ही भीती?
तीही येणार मेळ्याला, फीत दिसेल लालशी;
आधी तिला बघा, मग या माझ्या टोपलीपाशी.

दूध आता तुटलेलं, आईनं मागं सारलं;
'घर बघ' म्हणाली नि एकदा तोंड चाटलं.
ऑपरेशन झालं तिचं, कान थोडा कापलेला;
आळीतच राहील ती, जीव तिथं गुंतलेला.

चहावाल्या काकांचं ते खोकं मला आधाराला;
त्यांनी चुलीची राख ती पसरली झोपायला.
'खोली माझी दहा बाय दहा,' काका सांगतात;
'मोठी असती तर तू आज माझ्याच घरात.'

दारं रात्री लागतात, फटीतून येई वास;
फोडणीचा, भाकरीचा, हसण्याचा आसपास.
उंबऱ्याला नाक माझं, आत तुम्ही, बाहेर मी;
चार बोटं उंची त्याची, ती करणार का कमी?

डॉक्टरांनी सुई दिली, ओरडलो मी एकदा;
जंतांचं औषध कडू, तेही गिळलं दोनदा.
दुसरी लस राहिली, ती तुम्ही द्यायची बरं;
पार्व्होनं गेलेली पिल्लं पाहिलीत मी, हे खरं.

बिस्किटाचा तुकडा नि दूध नको वाटीभर;
गाईचं दूध पोटाला, जुलाब होतो नंतर.
मऊ भात चालतो नि उकडलेलं ते अंडं;
नाचणीची आंबील नि पाणी, भरलेलं भांडं.
कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट तर नकोच;
प्रेमानंही देऊ नका, विष माझ्यासाठी तेच.

नामदेव धावले ना तुपाची वाटी घेऊन,
'कोरडी नको रे खाऊ' म्हणत कुत्र्यामागून?
पोळी पळवली त्यानं, राग नाही आला त्यांना;
मी पळवणार नाही, हातातून भरवा ना.

सुरुवातीला थोडीशी फरशी ओली होईल;
नाक त्यात घासू नका, बाहेर न्या, समजेल.
ओंजळीतला मी आज, पावसाळ्यात केवढा!
चपलांचा एक जोड दातांना माफ तेवढा.
दोरीनं बांधून मला गच्चीवर ठेवू नका;
उन्हाळ्यात तापते ती, पंजे भाजतात, ऐका.

मे महिन्याचं खेळणं मी नव्हे, सांगतो ताई;
जून येतो, शाळा येते, मी मात्र जाणार नाही.
बारा वर्षं राहीन मी, चौदाही, जमलं तर;
बालवाडीचं लेकरू कॉलेज गाठेतोवर.

'गावठी आहे' म्हणाल. आहेच, खोटं कशाला?
हीच हवा, हेच ऊन मानवलंय अंगाला.
केस आखूड, त्यामुळं उन्हाळाही सोसवतो;
दारी पाऊल वाजलं की मी आधी ओळखतो.
दत्तापायीची ती चारी कुठल्या जातीची होती?
वेद म्हणतात त्यांना, लोक हातही जोडती.

देण्याजोगं माझ्यापाशी काय आहे? एवढंच:
तुम्ही याल त्या वेळेला दारात मी असेनच.
मार्क कमी पडले का? स्ट्रॉबेरीचा भाव गेला?
उसाची तोड लांबली? मी बसेन सोबतीला.
आजोबांना फिरायला सोबती लागतोच ना?
घाटावर जाऊ दोघं, हळूहळू, थांबताना.
पोरं पुण्याला गेलेली, दोघंच मोठ्या वाड्याला;
तिसरं पान मांडा ना, छोटंसंच, जेवायला.

न्यायला जमत नाही? राग नाही, खरं सांगा;
दारापुढं पाणी ठेवा, पोत्याएवढीच जागा.
थंडीमध्ये गाडीखाली उबेला शोधतो थारा;
वाकून बघा एकदा, मग गाडी सुरू करा.

रविवारी सकाळी या, संक्रांत आहे पुढती;
टोपलीत बसेन मी, कान एक उभा वरती.
सगळ्यांना घेऊन या, आजींनाही विचारून;
एक जरी नको म्हणे, जाईन मी समजून.

दत्त म्हणजे दिलेला, सांगत होत्या त्या आजी;
त्याच शब्दातून आली दत्तक ही हाक माझी.

मोती म्हणा, खंड्या म्हणा, वाघ्या म्हणा, म्हणा राजा;
'हाड' सोडून काहीही, शब्द तोच होवो माझा.
माझं नाव तुम्ही ठेवा, मी ते ऐकताच क्षणी
खुळा कान उभारून धावेन बघा अंगणी.

*

केव्हा आणि कुठं
रविवार, 11 जानेवारी 2026, सकाळी 10 ते दुपारी 4. गणपती घाटाजवळ, मांडवात. दुपारी पिल्लं झोपतात, म्हणून शक्यतो सकाळीच या.

कोण कोण आहे
एकूण 14 पिल्लं, त्यांतल्या 9 माद्या. सगळी दोन महिन्यांच्या पुढची, आईचं दूध सुटलेली. सगळ्यांना जंतांचं औषध आणि पहिली लस दिलेली आहे. प्रत्येकाच्या टोपलीला कार्ड बांधलंय. पुढच्या लसीची तारीख त्यावर आहे. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर द्यायची आणि मग डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. नसबंदीचं ऑपरेशन सहा महिन्यांच्या पुढं, डॉक्टरांना विचारून. त्या वेळी आम्ही सोबत येऊ.

येताना काय आणायचं
आधार कार्डाची झेरॉक्स, घरातली मोठी माणसं आणि एक जुनं मऊ लुगडं किंवा चादर. भाड्यानं राहत असाल तर घरमालकांना आधी विचारून या. नंतर 'मालक नको म्हणतात' म्हणून परत आलेली पिल्लं आम्ही पाहिली आहेत. पैसे लागत नाहीत. आम्ही घेत नाही, कुणी मागितले तर देऊ नका.

नेल्यावर
पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडेल. ते आईला शोधत असतं. चादरीत कोमट पाण्याची बाटली गुंडाळून शेजारी ठेवा आणि टोपली तुमच्या झोपायच्या खोलीतच असू द्या. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या इतर कुत्र्यांत सोडू नका. महिन्याभरात आमच्यातलं कुणीतरी घरी येऊन बघून जाईल. चुका काढायला येत नाही. काही अडलं तर सांगता यावं, म्हणून येतो.

नाहीच जमलं तर पिल्लू आमच्याकडं परत आणून द्या, केव्हाही, कितीही मोठं झालेलं असलं तरी. घाटावर, पुलावर किंवा हायवेला सोडू नका. पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी लाल फीतवाली ती पांढरी पिल्ली आजही प्रत्येक दारापुढं थांबते.

तिची टोपली मांडवात शिरल्यावर डाव्या हाताला पहिली आहे.